समासातली प्रश्नचिन्हे

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाजावरूनच कळले की काहीतरी बिनसले आहे. भाची अकरावी सायन्सला होती. पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये पंचवीसपैकी नऊ गुण पडले होते. मुलीने दोन दिवस धड जेवण केले नव्हते आणि तिसऱ्या दिवशी आईला सांगून टाकले होते, "अम्मी, मला सायन्स झेपत नाही, मी आर्ट्सला जाते." तिचे अब्बा कुवेतला. त्यांनीही फोनवर म्हटले, "पोरीला त्रास नको, बदलून टाका." बहीण मला म्हणाली, "भाईजान, दहावीला गणितात नव्वदच्या वर होती ही. रोज चार तास बसते. मग होते काय?"

मी ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षे फिजिक्स शिकवले. 'झेपत नाही' हे वाक्य दरवर्षी ऐकले. काही मुलांच्या बाबतीत ते खरेही असते. पण चार तास बसणाऱ्या मुलीच्या बाबतीत ते मान्य करण्याआधी तिची वही पाहावी, एवढे मला अनुभवाने ठाऊक होते. रविवारी एस.टी. पकडून गेलो.

वही नेटकी होती. फळ्यावरचे सगळे उतरवलेले. पण समासात जागोजागी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हे काढलेली होती. मी विचारले, "ही कशाची?"

"मामू, जिथे कळले नाही तिथे खूण करून ठेवते. नंतर विचारू म्हणून."

"मग विचारलेस?"

ती खाली बघत राहिली. आम्ही दोघांनी मिळून ती चिन्हे मोजली. एक्केचाळीस निघाली. मग एकेकावर बोट ठेवून मी विचारत गेलो, "इथे काय कळले नव्हते?" तेवीस ठिकाणी तिला सांगताच आले नाही. जुलैमध्ये तिथे काहीतरी अडले होते, एवढेच तिला आठवत होते. नेमके काय, ते गेले होते. उरलेल्या अठरा शंका आठवल्या. त्यांचे पुढे काय झाले, हीच आजची गोष्ट. कारण जवळपास प्रत्येक घरात अशी एक वही असते आणि वहीतली ती चिन्हे कोणी मोजत नाही.

प्रश्नचिन्ह म्हणजे शंका नव्हे

पहिली गोष्ट इथेच लक्षात येते. समासातले प्रश्नचिन्ह फक्त जागा दाखवते, प्रश्न दाखवत नाही. शंका त्या क्षणी मनात ताजी असते, म्हणून वाटते की चिन्ह पाहिले की आठवेल. आठ दिवसांनी आठवत नाही. म्हणून शंका वेगळ्या वहीत, वाक्यात लिहायची. शंभर पानी साधी वही पुरते. ती दप्तरातच राहिली पाहिजे, कारण शंका कॉलेजात, बसमध्ये, क्लासमध्ये येते, फक्त घरच्या टेबलावर येत नाही.

भाचीने आठवून पहिली शंका लिहिली ती अशी: "पाठ तिसरा, गणिते समजत नाहीत." मी तिला म्हटले, "हा कागद घेऊन तू सरांकडे गेलीस तर सर काय करतील? पाठ पुन्हा शिकवतील. तू पुन्हा मान हलवशील. गणित तिथेच राहील." मग मी तिला प्रत्येक शंकेत चार गोष्टी लिहायला लावल्या. तारीख आणि पान नंबर. कोणत्या ओळीपर्यंत समजले. त्यापुढे मी स्वतः काय केले आणि काय उत्तर आले. आणि मला काय वाटते, कुठे चुकले असेल. ही चौथी ओळ मुले टाळतात, कारण अंदाज चुकला तर लाज वाटते. पण शिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त कामाची ओळ तीच असते. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते त्या अंदाजातूनच दिसते.

या चार ओळींखाली बोटभर जागा कोरी सोडायची. ती उत्तरासाठी. ती कशी भरायची ते पुढे येईलच.

शंका लिहिण्याआधी स्वतः किती वेळ झगडायचे, हा प्रश्न ओघाने येतो. माझे माप दहा ते पंधरा मिनिटांचे. त्याआधी लिहिली तर वही आळसाची होते. पंधरा मिनिटांच्या पुढे अडून बसलो तर संध्याकाळ एका गणितात जाते आणि त्या चार तासांचा हिशेब मग लागत नाही. पंधरा मिनिटे झाली की शंका लिहायची आणि पुढच्या गणिताकडे जायचे.

आधी चाळणी

आठवड्याच्या भेटीआधी वीस मिनिटे ही वही एकट्याने वाचायची. हे काम बहुतेक मुले करत नाहीत. वही उघडतात आणि पहिल्या शंकेपासून विचारायला लागतात. भाचीच्या अठरा शंका आम्ही आधी चाळल्या.

त्यातल्या सहा शंका फिजिक्सच्या नव्हत्याच; शब्दांच्या होत्या. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. तिला 'त्वरण' पक्के माहीत होते, पण 'ॲक्सिलरेशन' म्हणजे तेच, हे दोन महिने कोणी सांगितले नव्हते. 'चाल' आणि 'वेग' यांतला फरक तिला येत होता, पण 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' या दोन्हींना ती मनात 'वेग'च म्हणत होती. एका गणितात दोन गाड्यांचे वेग देऊन पुढे 'रिस्पेक्टिव्हली' असा शब्द होता. तिला वाटले त्याचा 'रिस्पेक्ट'शी, म्हणजे आदराशी काही संबंध असावा! त्याचा अर्थ 'अनुक्रमे', एवढे कळल्यावर ते गणित तिने तीन मिनिटांत सोडवले. मराठी किंवा उर्दू माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्या आपल्या बहुतेक मुलांची पहिली शंकावही अशीच निघते. या शंकांसाठी सरांचा वेळ घ्यायला नको. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखायचे: एकीकडे इंग्रजी शब्द, दुसरीकडे दहावीच्या पुस्तकातला शब्द. दहावीचे विज्ञानाचे पुस्तक त्यासाठी रद्दीत घालू नका.

आणखी तीन शंका वाचता वाचताच सुटल्या. जुलैमध्ये न कळलेली गोष्ट ऑगस्टच्या पाठाने आपोआप समजली होती. त्यांच्यावर तिने काट मारली. एका ठिकाणी तिचे उत्तर बरोबर होते आणि पुस्तकामागचे छापील उत्तर चुकीचे होते. असेही होते, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा, मोजदाद दोनदा करून आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून.

उरल्या आठ. त्यातल्या तीन केमिस्ट्रीच्या होत्या. फिजिक्सच्या पाच शंका मी तिला एका पानावर एकाखाली एक लिहायला सांगितल्या.

एक: g कधी अधिक घेतात, कधी उणे, का? दोन: इमारतीवरून चेंडू वर फेकल्याच्या गणितात माझे उत्तर १ सेकंद आले, पुस्तकात ६ आहे. तीन: सरांनी त्याच गणितात उणे एक हे उत्तर खोडून टाकले, का? चार: चेंडू सगळ्यात वर पोहोचला की वेग शून्य होतो, मग त्वरणही शून्य का नाही? पाच: ब्रेक लावलेल्या गाडीच्या गणितात 'रिटार्डेशन २' दिले आहे, मग +२ घालायचे की −२?

मी म्हटले, "आता या पाचांकडे एकदम बघ. काही दिसते?"

तिने बराच वेळ पाहिले. मग हळूच म्हणाली, "मामू, सगळीकडे अधिक-उण्याचाच घोळ आहे."

दोन महिने जिला पाच ठिकाणी आपण मठ्ठ आहोत असे वाटत होते, तिची शंका एकच होती. वही एकत्र वाचल्याशिवाय ते दिसले नसते.

एक शंका, मुळापासून

दुसऱ्या शंकेचे गणित असे होते. ३० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो खाली जमिनीवर किती वेळाने पडेल? g सेकंदाला सेकंदाला १० मीटर धरा.

सूत्र तिला पाठ होते:

```
s = ut + ½at²
```

तिने सगळे आकडे जसेच्या तसे अधिक चिन्हाने घातले:

```
30 = 25t + 5t²
t² + 5t − 6 = 0
t = 1
```

उत्तर स्वच्छ आले, म्हणून तिला चूक सापडेना. मी सूत्राला हात न लावता विचारले, "चेंडू वर जाताना दर सेकंदाला किती वेग गमावतो?" "दहा." "पंचवीसचा शून्य व्हायला किती वेळ?" "अडीच सेकंद." "म्हणजे नुसता वर जाऊन थांबायलाच अडीच सेकंद. मग एका सेकंदात तो जमिनीवर कसा?"

ती हसायला लागली. उत्तर चूक आहे हे ओळखायला पुस्तकामागचे पान लागत नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

मग मी तिला कागदावर इमारत काढून आधी एक बाण काढायला लावला: वर म्हणजे अधिक. आता एकेक राशी त्या बाणाशी ताडून बघायची. चेंडू वर फेकला, म्हणून u अधिक २५. पृथ्वी खाली ओढते, म्हणून a उणे १०. चेंडू शेवटी गच्चीच्या ३० मीटर खाली पोहोचतो, म्हणून s उणे ३०.

```
−30 = 25t − 5t²
t² − 5t − 6 = 0
t = 6  किंवा  t = −1
```

सहा सेकंद. इथेच थांबलो असतो तर ती पुढच्या गणितात पुन्हा चुकली असती. म्हणून मी विचारले, "तुझे एक सेकंद हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे?" तिने सगळी चिन्हे अधिक घेतली होती, म्हणजे तिन्ही बाण एकाच दिशेला. वेग खाली, ओढ खाली, अंतर खाली. म्हणजे तोच चेंडू गच्चीवरून सरळ खाली फेकला तर तो एका सेकंदात पडेल. उत्तर बरोबर होते, प्रश्न दुसरा होता.

तिनेच पुढे विचारले, "आणि मामू, फक्त g उणे घेतला आणि ३० अधिक ठेवले तर?" करून पाहिले:

```
30 = 25t − 5t²
t² − 5t + 6 = 0
t = 2  किंवा  t = 3
```

हे गच्चीच्या ३० मीटर वरच्या जागेचे उत्तर. चेंडू तिथून दोनदा जातो: दुसऱ्या सेकंदाला वर चढताना आणि तिसऱ्या सेकंदाला खाली येताना. एका सूत्रात चिन्हे तीन तऱ्हांनी घातली आणि तीन वेगळ्या प्रश्नांची तीन स्वच्छ उत्तरे मिळाली. चिन्हे ही आकड्याची शोभा नसते, ती दिशा सांगतात.

एवढे झाल्यावर बाकीच्या चार शंकांना मला फारसे बोलावे लागले नाही. g अधिक की उणे, ते आपण काढलेल्या बाणावर ठरते. गाडीचा बाण पुढे धरला तर ब्रेकचे त्वरण मागे, म्हणून −२. सगळ्यात वर वेग शून्य असतो, पण पृथ्वीची ओढ तिथेही खाली दहाच असते. त्वरणही शून्य झाले असते तर चेंडू हवेत लटकून राहिला असता. आणि उणे एक हे उत्तर सरांनी खोडले, कारण आपण घड्याळ चेंडू फेकल्यापासून सुरू केले. त्याआधीच्या वेळेचा प्रश्नच विचारलेला नाही.

उत्तर कोणी लिहायचे

आता ती बोटभर कोरी जागा. तिथे मी एक अक्षरही लिहिले नाही. शिकवणारा वहीत लिहितो तेव्हा मुलाला ते समजल्यासारखे वाटते, पण ते अक्षरही दुसऱ्याचे आणि समजही दुसऱ्याची. मी वही बंद केली आणि म्हटले, "पाणी पिऊन ये, मग लिही." पाच मिनिटांनी तिने लिहिले: "आधी बाण, मग सूत्र. वर अधिक ठरवले तर g नेहमी −10, चेंडू वर जात असो की खाली येत असो. सुरुवातीच्या जागेच्या खाली पोहोचला तर s उणे." एवढेच. पण ते तिचे होते.

तरीही तिला काट मारू दिली नाही. समजावल्यानंतर लगेच सगळे सोपे वाटते. ते समजणे पक्के आहे की समजावणाऱ्याच्या आवाजाचा असर आहे, हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून शंकेपुढे तीन दिवसांनंतरची तारीख टाकायची आणि त्या दिवशी वही झाकून तेच गणित पुन्हा सोडवायचे, पण थोडे बदलून. मी तिला सांगितले की बुधवारी हेच गणित खाली म्हणजे अधिक धरून कर. बुधवारी रात्री तिने फोटो पाठवला:

```
30 = −25t + 5t²
t² − 5t − 6 = 0
t = 6
```

बाण उलटा काढूनही उत्तर सहाच आले. तेव्हा ती शंका काटली. जमले नसते तर ती पुढच्या आठवड्याच्या यादीत सगळ्यात वर गेली असती. वहीतली शंका विचारली म्हणून संपत नाही. एकट्याने सोडवता आली म्हणजे संपते.

ठरलेली वेळ

मी काही दर रविवारी एस.टी.ने जाणार नव्हतो. तिला दोन माणसे हवी होती: एक शिकवणारे आणि एक बरोबरीचे.

कॉलेजच्या सरांकडे ती जायला घाबरत होती. वर्गात ऐंशी मुले, तिच्या इंग्रजीला हसतील ही भीती. मी तिला विचारण्याची रीत बदलायला सांगितली. "सर, मला खूप डाऊट आहेत" असे म्हटले की सरांना वाटते, याला दोन तास लागतील, आणि ते 'नंतर ये' म्हणतात. त्याऐवजी ती म्हणाली, "सर, शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर मला वीस मिनिटे मिळतील का? मी चार प्रश्न लिहून आणीन." सरांनी लगेच हो म्हटले. वीस मिनिटांत चारच शंका नीट होतात, हे धरून चाला. जास्त नेल्या तर शेवटच्या शंकांवर नुसती मान हलवली जाते. कोणत्या चार न्यायच्या, ते चाळणीतून ठरते. जी शंका अनेकींच्या मुळाशी आहे आणि जिच्यावाचून पुढचा पाठ अडेल, ती पहिली.

एखादी शंका मात्र शनिवारपर्यंत थांबत नाही. केमिस्ट्रीत 'मोल' कळला नाही तर पुढची बहुतेक गणिते बंद होतात. अशा शंकेपुढे चांदणी काढायची आणि ती दुसऱ्याच दिवशी विचारायची.

बरोबरीची म्हणून तिने मोहल्ल्यातली वर्गमैत्रीण निवडली. वेळ ठरवताना बहीण म्हणाली, "रविवारी असरनंतर बसा." मी म्हटले, घड्याळाची वेळ ठरवा. असर आणि मगरिब यांमधला वेळ हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखा नसतो, आणि 'नंतर' म्हटले की चहा, पाहुणे, बाजार सगळे त्या 'नंतर'मध्ये शिरते. रविवारी सकाळी दहा ते पावणेअकरा ठरले. रमजानात ही वेळ बदलावी लागेल, तर कोणती, तेही आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. आणि एक गोष्ट पक्की केली: मैत्रीण आली नाही तरी ती पाऊण तासाची जागा सोडायची नाही, त्या वेळात वही एकटीने चाळायची. एकदा वेळ सुटली की दुसऱ्यांदा सुटायला कारणही लागत नाही.

मैत्रिणीबरोबर बसताना नियम एकच ठेवला. पेन ज्याची शंका त्याच्या हातात. समजावणारीने बोलायचे, बोट दाखवायचे, पण लिहायचे नाही. नाहीतर हुशार मैत्रीण सगळे सोडवून देते आणि दुसरी 'हो, हो' म्हणत बघत राहते.

बरोबरीच्यांबरोबर एक धोका असतो, तोही तिला लवकरच भेटला. प्रश्न होता: १८ ग्रॅम पाण्यात किती अणू असतात? १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, एवढे दोघींना येत होते. दोघींनी उत्तर काढले, 6.022 × 10²³. दोघींचे सारखे आले, म्हणून दोघींनी आनंदाने काट मारली. पुढच्या शनिवारी ते चूक निघाले. तेवढे रेणू असतात. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू, म्हणून अणू त्याच्या तिप्पट, 1.8066 × 10²⁴. प्रश्नातला 'ॲटम्स' शब्द दोघींनी 'मॉलिक्यूल्स'सारखा वाचला होता. दोघांचे उत्तर सारखे येणे हा पुरावा नव्हे. दोघे एकाच ठिकाणी घसरू शकतात. तेव्हापासून त्यांनी ठरवले: उत्तर दुसऱ्या कोणत्यातरी वाटेने तपासल्याशिवाय काटायचे नाही. कधी एक रेणू चित्रात काढून, कधी चेंडूला वर जायलाच किती वेळ लागेल ते बघून. आणि दहा मिनिटे दोघी अडल्या तर वाद न घालता ती शंका शनिवारच्या यादीत.

वहीच काय सांगते

तीन-चार आठवडे झाले की वही स्वतः बोलू लागते, आणि ते घरातल्या मोठ्यांनाही वाचता येते. त्यासाठी फिजिक्स येण्याची गरज नाही.

आठवडाभर वही कोरी असेल तर मूल हुशार झाले असे समजू नका. बहुधा त्याने गणिते सोडवलेलीच नाहीत, नुसते वाचले आहे किंवा सोडवलेली उदाहरणे पाहिली आहेत. वाचताना सगळे समजते. अडते ते हाताने करताना. आठवड्याला वीस शंका येतात आणि सहाच मिटतात, असे चालले असेल तर भेटीची वेळ वाढवून भागत नाही. मुलाने पाठ्यपुस्तक सोडून प्रवेश परीक्षेचे जाडजूड पुस्तक धरले आहे का, ते विचारा. आधी पाठ्यपुस्तकातली गणिते, मग ते पुस्तक. आणि एकच शंका कपडे बदलून तीन आठवडे परत येत असेल तर गाठ खाली, नववी-दहावीच्या पाठात आहे. तिथे परत जाण्यात कमीपणा नाही.

या वहीची एक मर्यादाही आहे. वर्गातच जात नसलेल्या किंवा पाठ एकदाही न वाचलेल्या मुलाला ती उपयोगी पडत नाही. त्याला शंका नसते, त्याला पाठच नवा असतो. आणि हा विषय मला मनापासून नको आहे, असे मूल शांतपणे म्हणत असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. वही त्याचे उत्तर देत नाही. पण तो निर्णय समासातल्या एक्केचाळीस न वाचलेल्या प्रश्नचिन्हांनी घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे होते.

दुसऱ्या चाचणीत भाचीला पंचवीसपैकी सोळा पडले. तिच्या वर्गात बावीस-तेवीस घेणारीही मुले आहेत. तिच्या अब्बांनी फोनवर विचारले, "मग काय ठरले, आर्ट्स?" ती म्हणाली, "अब्बा, बारावीनंतर बघू. आत्ता माझ्या वहीत सहाच शंका आहेत."

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा तिने स्वतःहून वही पुढे केली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत वार आणि वेळ लिहिलेली. त्याखाली तिच्या धाकट्या भावाने, जो सातवीत आहे, पेन्सिलीने स्वतःची शंका घुसवून ठेवली होती: "उणे गुणिले उणे अधिक का होते? पान ३१. मला वाटते की सरांना पण माहीत नाही."

चौथी ओळ तरी त्याने न लाजता लिहिली होती. रविवारी दहा वाजता त्यालाही बसवून घेतले.